कापूस की पाट्या

निजामाच्या राज्यात मी परतूरच्या बाजारात पाट्या रंगवायचो, मराठीत अन् उर्दूतही. शेजारचा शिंपी म्हणाला, "सगळ्यांचं करतोस म्हणून तू कोणाचाच न्हाईस. एक धंदा पकड." मंग मी कापसाच्या आडत्यांचा झालो. त्यांच्या पाट्या, गाठींवरचे मार्के, गाड्यांवरची नावं, सगळं मीच रंगवायचो. बाकीची गिऱ्हाइकं तोऱ्यात परत पाठवली.

दिवाळी आली अन् झाडून सगळ्या आडत्यांना पाडव्याच्या आत नवी पाटी पाहिजे झाली. वर जो तो कानात सांगे, "शेजाऱ्यापेक्षा अक्षर मोठं काढ." मी प्रत्येकाला "बिलकुल!" म्हणालो अन् सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची काढली. पाडव्याला प्रत्येकजण आपलीच पाटी मोठी समजून खुश!

उन्हाळ्यात कापूस संपला, तसा मीही रिकामा झालो. बायको म्हणाली, "अहो, आता काय सरकी खायची? पाट्याच रंगवा, पण कोणाच्याही."

ऐकलं तिचं. पहिलाच आला न्हावी. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "समोरच्या न्हाव्यापेक्षा अक्षर मोठं काढ बरं."

कापूस की पाट्या, म्हणून मी उगाच डोकं शिणवलं होतं. माझा धंदा पहिल्यापासून एकच होता, शेजाऱ्याला जळवायचा.