पाहुण्यांच्या वायफायवरचा टीव्ही

नवा स्मार्ट टीव्ही घरी आला तेव्हाच मला त्याचा भरवसा वाटला नाही. सुरू होताच तो माझा ईमेल आणि माईकची परवानगी मागू लागला. मी त्याला राउटरच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर टाकलं. ऑफिसचा लॅपटॉप आणि बँकेची ॲप असलेले आमचे फोन घरच्या वायफायवर राहिले. टीव्हीत उद्या काही शिरलंच, तर ते आमच्यापर्यंत पोचायला नको.

सासऱ्यांना हे मुळीच पटलं नाही. फोन एका नेटवर्कवर आणि टीव्ही दुसऱ्यावर, त्यामुळे नातीच्या बारशाचे फोटो फोनवरून टीव्हीवर जाईनात. "घरचा टीव्ही, त्याले पाहुणा काहून केलं वं?" ते रोज विचारायचे. मी फोटो पेनड्राइव्हवर घालून दिले. तो त्यांनी फ्रिजवर ठेवून दिला.

एका रविवारी मनीषनगरहून नणंद आली. मी चहा घेऊन आले तर टीव्हीवर बारशाचे फोटो सरकत होते. घरचा पासवर्ड टीव्हीला कुणी दिला? संशय नणंदेवरच गेला. सेटिंग उघडून पाहिली, तर टीव्ही पाहुण्यांच्या वायफायवर जिथल्या तिथे होता.

मग मी सासऱ्यांचा फोन मागितला. तोही त्याच वायफायवर होता. पेन्शनच्या बँकेची ॲप त्यातच. पाहुण्यांचा पासवर्ड त्यांना पाठ होता, आल्यागेल्याला तेच सांगत.

"तू त्याले घरात घेऊन नाही राहिली," ते शांतपणे म्हणाले, "म्हणून मीच बाहेर गेलो."