नव्वद टक्के

माझ्या वडिलांना, आप्पांना, चार यंत्रमाग घेऊन टॉवेलचा कारखाना काढायचा होता. बँकेसाठी अंदाजपत्रक मी लिहिलं. त्या वर्षीच बी.कॉम. झाले होते. माग पूर्ण चालले तर महिन्याला आठशे डझन टॉवेल निघणार, पण वीजकपात होती म्हणून मी साठ टक्केच धरले.

आप्पांनी तो कागद बँकेसाठी प्रकल्प अहवाल करून देणाऱ्या एका सल्लागाराला दाखवला. त्याने मला न विचारता साठचे नव्वद केले.

"असं कोण लिहितं? कर्ज हवंय ना?" तो हसत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "डझनामागं सूत, रंग, मजुरी जाऊन सहा रुपये उरतात," मी म्हणाले. "भाडं, पगार, व्याज मिळून महिन्याचा ठरलेला खर्च तीन हजार. म्हणजे पाचशे डझन विकले तर ना नफा, ना तोटा. साठ टक्क्यांत चारशे ऐंशीच निघतात. नव्वद लिहिल्यानं वीज येणाराय का?"

"सगळे तसंच लिहितात की," आप्पा पुटपुटले.

"मग आपले हप्तेही तेच सगळे भरतील का?" मी ओरडलेच.

शेवटी आप्पांनी विक्रीसाठी बाजारात भाड्यानं गाळा घ्यायचा बेत सोडला. महिन्याचं सहाशे रुपये भाडं वाचलं आणि ना नफा, ना तोट्याचा आकडा पाचशेवरून चारशे डझनांवर आला. साठ टक्के तसेच ठेवले, तरी कर्ज मंजूर झालं.

अहवालावर सही-शिक्का सल्लागाराचा, फीसुद्धा त्यालाच. आणि आप्पा पाहुण्यांना सांगत सुटले, "साहेबांनी लई झकास हिशोब मांडला!"

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.