बारा आज्यांची उडी

निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यावर नर्सबाई पोहायला शिकल्या आणि वर्षभरात त्यांनी ओळखीच्या बारा आज्यांनाही पाण्यात उतरवलं. आता त्यांची शर्यत ठरली होती. बातमी पेपरात यावी म्हणून बाईंनी स्थानिक बातमीदाराला सकाळीच फोन लावला, कारण संध्याकाळी त्याला मान वर करायला फुरसत नसते.

"आमच्या मंडळाची स्थापना झाली तेव्हा..."

"बाई, स्थापना राहू द्या. बातमी काय?"

बाईंनी दम घेतला. "रविवारी सकाळी आठला, नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बारा आज्यांची शर्यत आहे. थोरली अठ्ठ्याहत्तरची. आमचा सगळ्यांचा जन्म नदीकाठी गेला, पण पोहायला कुणी शिकवलं नाही. मागच्या पुरात गावातल्या दोघीजणी बुडाल्या. म्हणून आम्ही आता गावातल्या मुलींना फुकट शिकवणार आहोत."

"आणि फोटो कशाचा मिळेल?"

"शिट्टी वाजली की बाराही जणी एकदम उडी मारतील. ऊन त्यांच्या तोंडावर असेल."

"येतो!" तो हसला. "फोटोग्राफरलाही आणतो."

रविवारी फोटोग्राफर हौसेनं अगदी काठाशी बसला. शिट्टी झाली, बारा आज्या धबाधबा पडल्या आणि तो नखशिखांत भिजला. फोटो मात्र झकास निघाला.

सोमवारी तो पहिल्याच पानावर होता. मुलींची नावं घालायला आयांचे इतके फोन आले, की बाईंचा चहा गार झाला. त्यात थोरल्या आजींचाही फोन आला.

"अगं, माझं तोंड उघडंच आलंय!"

"आजी, तुम्ही ओरडत होतात."

"मग ओरडणार नाही? पहिली यायचं होतं मला, आणि आलेच!"