फोनातली माय

सावंगीच्या दवाखान्यात पेशंट उचलून उचलून रामबाई उईकेचे खांदे गड्यासारखे झाले होते. इंजेक्शनला घाबरणारं म्हातारं माणूस असलं की सिस्टर तिलाच हाक मारायची. रामबाई हात धरायची, गोंडीत हळू काहीतरी गुणगुणायची. अर्थ कोणाला कळत नसे, पण माणूस शांत व्हायचं.

ती गाणी तिच्या मायची. मागच्या उन्हाळ्यात माय गेली. जायच्या आधी रामबाईनं तिला खाटेवर बसवून लग्नाची सारी गाणी गाऊन घेतली, फोनमध्ये भरली. रामबाईला स्वतःला त्यातली अर्धीमुर्धीच येत. आता भाची चंचलचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं भावाला सांगून टाकलं, "दादा, हळदीले मायच गाईन. फोन लावतो मी मांडवात."

कवडूदादा वर्ध्यात कचेरीत बाबू. पिपरी मेघेत त्याचं घर. तो म्हणाला, "पाहू."

आणि लग्न तोंडावर आलं असताना फोननं अपडेट मागितला. रामबाईनं होय म्हटलं. मग जे सुरू झालं ते थांबेचना: कंपनीचं नाव यायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा तेच नाव. घाण्याचा बैल बरा, तो निदान तेल तरी काढतो.

चौकातल्या ताराचंदच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती धापा टाकत गेली. त्यानं आवाजाचं वरचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरलं. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांची यादी आली.

"हे रिकव्हरी आहे, मावशी. अपडेट अर्धवट बसला असन. पहिले कॅशे, म्हणजे फोनातला कचरा, पुसतो, त्यानं तुमचं काई जात नाई."

कॅशे पुसली. फोन पुन्हा त्याच फेऱ्यात.

"आता हा खालचा पर्याय, वाइप डेटा. हा दाबला तं फोन सुरू होईन, पण कोरा. त्याले मी हात लावत नाई. कंपनीची पुरी फाइल उतरवतो, कॉम्प्युटरवरून तोच अपडेट पुन्हा चढवतो. बहुतेक जमते, आणि डेटा जागेवर राह्यते. गाण्याची कॉपी आहे का कुठं? मेमरी कार्ड?"

"कार्ड नाई. दादानं कचेरीच्या कॉम्प्युटरवर घेतली म्हणे."

"मंग अर्धी चिंता गेली. उद्या येजा."

रात्री शेजारणीच्या फोनवरून तिनं दादाला सांगितलं, फोन ताराचंदकडे टाकला म्हणून. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्याबरोबर ती गेली. फोन काउंटरवर पडलेला, पडदा उजळ, भाषा निवडा म्हणत. रामबाईचा जीव भांड्यात पडला. ताराचंद मात्र वर पाहीना.

"झाला ना चालू?"

"मावशी, सकाळी तुमचे भाऊ आलते. फाइल उतरूनच राह्यली होती. म्हणाले, बहिणीनं पाठवलं, घाई आहे, कॉपी माह्यापाशी आहे, पुसून टाक. तुम्हीही कॉपीचं बोलल्या होत्या... मी पुसला. तुम्ही येईपर्यंत थांबायचं होतं. चुकलो."

"मंग काढ ना परत! तुह्यापाशी मशिनी आहेत ना!"

"नाई निघत. फोनमधलं सगळं कुलपात असते. पुसलं का किल्लीच जाते. नागपूरले न्या, तरी हेच सांगतील."

तिनं तिथूनच कवडूला फोन लावला, ताराचंदच्या मोबाइलवरून.

"दादा, गाण्याची कॉपी पाठव."

पलीकडे तो आधी कोणाला तरी बांबू कुठे ठेवायचे ते सांगत राहिला. मग, "तो कॉम्प्युटर बदलला, बाई."

"कधी?"

कवडूनं फोन ठेवून दिला.

पिपरी मेघेच्या ऑटोत बसून ती गेली. अंगणात मांडववाला बांबू मोजत होता. कवडू त्याला स्पीकर कुठे ठेवायचे ते दाखवत होता. बहिणीला पाहून त्यानं हात झटकले.

"कॉपी घेतलीच नवती ना तू?"

"घ्यायचीच होती, राहून गेली. हे पाह्य, साहेब लोक येणार हळदीले. चंचलच्या सासरचे येणार. त्याइच्यापुढं ते खाटेवरचं रडगाणं... डीजे सांगतला मी. आणि तुले नवा फोन घेऊन देतो, चांगल्यातला."

रामबाईच्या तोंडून मग गोंडी निघाली. लहानपणी भांडताना निघायची तशीच, भरभर, श्वास न घेता. कवडूनं मांडववाल्याकडे पाहिलं.

"मराठीत बोल."

ती गोंडीतच बोलली, आणखी मोठ्यानं. त्याला सारं समजत होतं. त्याचे कान लाल झाले, मान खाली गेली. एक बोलही त्यानं गोंडीत परत केला नाही.

आवाज ऐकून चंचल बाहेर आली, हातात ब्लाउजचं माप. "काय म्हणते आत्या, बाबा?"

"काई नाई. फोन बिघडला तिचा."

रामबाईनं भाचीकडे पाहिलं. पोरीला एक अक्षर कळलं नव्हतं.

"बिघडला नाई, पोरी," ती मराठीत म्हणाली. "तुही आजी होती त्याच्यात. तुह्या बापानं पुसली."