जप्त केलेला तुंबा

भगवंतरावांच्या रुईच्या आवारात पाण्याचा थेंब न्यायला बंदी होती आणि ती बंदी पाळून घ्यायला फाटकावर मनकर्णाबाई बसायची. भातकुलीहून ती विधवा होऊन अमरावतीला आली तेव्हा तिच्याजवळ होतं काय, तर अंगावरचं लुगडं आणि तिचा उजवा हात. पण हात असा, की कोपरापर्यंत रुईच्या बोऱ्यात, म्हणजे पोत्यात, घातला की सांगायचा, ही रुई कोरडी, ही दमट, आणि ही परवा भिजवून काल वाळवलेली. साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती, त्यामुळे वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला होता. भावापाठोपाठ लबाडीही आली. रुईवर पाणी शिंपडलं की वजन वाढतं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मुंबईचा खरेदीदार एक बोरा दमट निघाला की सगळ्या गाड्या परत धाडायचा. म्हणून भगवंतरावांनी पाणीच आवाराबाहेर ठेवलं.

हुकूम मालकाचा, पण त्याला धार मनकर्णाबाईची. ती बायकांच्या पाट्या उलट्या करून बघायची, गड्यांची मुंडाशी पिळून बघायची. आवाराशेजारच्या घरांना पाणी पुरवणारा शफी भिश्ती म्हणायचा, ही बाई तोंडातली थुंकीसुद्धा मोजून आत सोडते. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट अभिमान वाटायचा. प्रामाणिक माणसाला आपल्या प्रामाणिकपणाचा माज चढला की त्याच्यासारखा धोकादायक माणूस नाही, हे मी उगीच म्हणत नाही.

अठराशे चौसष्टचा वैशाख होता. त्या महिन्यात चिखलदऱ्याकडून सूर्यभान नावाचा गवळी कामाला आला. रोगाची साथ येऊन म्हशी गेल्या, घरी बायको आणि दोन लेकरं, म्हणून डोंगर उतरून खाली आला. वर वैशाखातही रात्री कांबळं लागतं, आणि इथं अंगावरचं उपरणं नकोसं होतं. नाव सूर्यभान, पण सूर्याशी ओळख अशी नव्हतीच. त्याला काम मिळालं ते सगळ्यांत अवघड. लाकडी चौकटीला बोरा टांगायचा, माणसानं त्याच्या आत उतरायचं, वरून रुई पडत राहायची आणि त्यानं ती पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. चहूकडून रुई, वाऱ्याची झुळूक नाही, नाकातोंडात तंतू. जुने गडीही घामानं निथळायचे. याला तर खाली येऊन चारच दिवस झालेले.

त्याच सुमारास मनकर्णाबाईला एक विचित्र गोष्ट आढळली. रोज पहाटे ती थप्पीवरच्या बोऱ्यांना हात लावून बघायची. रात्रीच्या गारव्यानं बोऱ्याचं तरट गार पडलेलं असायचं. त्या पहाटे ते कोमट लागलं. दुसऱ्या पहाटे तसंच, तिसऱ्या पहाटे जरा जास्तच. ओली रुई आतून तापते, हे तिला ठाऊक होतं. तिनं ठरवून टाकलं की आवारात कोणी तरी पाणी मारतंय. हात घालून पाहिलं तर आत रुई कोरडी ठणठणीत. तरी तिचा संशय जाईना. चोर हुशार आहे, एवढंच ती समजली.

म्हणून त्या सकाळी फाटकावर तिनं कोणालाच सोडलं नाही. सूर्यभानच्या कमरेला भोपळ्याचा तुंबा लटकत होता, पाण्यानं भरलेला. तिनं तो सोडवून घेतला. तो म्हणाला, मावशे, घोटभर तरी राहू दे, मले इथली हवा सोसत नाही. ती म्हणाली, "प्यायचं असलं तर घरून पिऊन येत जा." आणि तुंबा आपल्या पेटीत टाकून तिनं कडी लावली.

दुपारी सूर्यभानचा बोरा हलायचा थांबला. त्याच्याआधी तो बोऱ्यातून म्हशींना हाका मारत होता. चंद्रे, पाण्यावर चल, काळे, इकडं ये. बाकीचे गडी हसत होते, गवळ्याला म्हशी आठवल्या म्हणून. मनकर्णाबाई फाटकावरून ऐकत होती. आधी तिलाही हसू आलं. मग हाका तुटक झाल्या, शब्द जिभेवर घुटमळायला लागले, आणि मग काहीच ऐकू येईना. ती उठून धावली. साठीला टेकलेली बाई, पण धावली.

चौघांनी त्याला बोऱ्यातून ओढून काढलं. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. तिनं छातीवर तळवा ठेवला आणि हात भाजल्यासारखा मागं घेतला. एक जण म्हणाला, कांबळं घाला, वारा लागू देऊ नका. दुसरा कांदा आणायला पळाला. तिसरा पाणी तोंडात ओतायला निघाला, ते पाणी येणार कुठून हे मात्र त्याला सुचेना.

तिनं त्यांना बाजूला सारलं. फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली सूर्यभानला निजवलं. शफीचा बैल पाण्यानं भरलेली कातड्याची पखाल घेऊन मालकाच्या घराकडे निघाला होता. तिनं बैलाची वेसण धरली.

"बेसुध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका," ती म्हणाली. "शफी, पखाल अंगावर ओत."

शफीनं एकदा मालकाच्या घराकडे पाहिलं आणि पखालीचं तोंड सोडलं. कपडे काढून, डोक्यापासून पायांपर्यंत पाणी. रुई वेचणाऱ्या चार बायकांनी रिकाम्या बोऱ्यांनी वारा घातला. मनकर्णाबाईनं त्याच्या काखेत हात घातला तो काढलाच नाही. आग, आग, अजून आग. शफी दुसरी पखाल घेऊन आला. तीही अर्धी रिकामी झाली तेव्हा कुठं तिच्या हाताला काखेतली आग मंदावल्यासारखी वाटली. सूर्यभान थरथरला, त्यानं मान वळवली आणि पहिला शुद्धीतला प्रश्न विचारला, तो असा.

"माहा तुंबा कुठं हाय?"

ती उठून फाटकावर गेली. तिनं पेटी उघडली, तुंबा आणला आणि त्याला बसता आल्यावर घोट घोट पाजला. मग त्याच्यासमोर, शफीसमोर, सगळ्यांसमोर म्हणाली की तुंबा मी काढला, तू मेला असतास तर तो माझा गुन्हा होता. सूर्यभाननं तुंबा तिच्या हातून घेतला आणि उरलेला घोट प्याला.

दुसऱ्या पहाटे तरट पुन्हा कोमट लागलं आणि तिला लख्ख कळलं. कोणी पाणी मारत नव्हतं. रात्रच गार पडत नव्हती. दिवसभर तापलेलं सगळं, भिंती, बोरे, माणसं, रात्री निवायला हवं. ते निवत नव्हतं आणि रोजची झळ आदल्या दिवसाच्या झळीवर चढत होती. रुईनं तिला तीन दिवस आधी सांगावा धाडला होता आणि तिनं सांगाव्यालाच चोर ठरवलं होतं.

ती भगवंतरावांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, पण खरेदीदाराला भ्यायचा. पाणी आत आलं की माल परत आलाच, असं तो म्हणाला. तिनं सरळ सांगितलं, "मालक, पाणी आत नको. रांजण बाहेर, कडुनिंबाखाली ठेवा. पिऊन येईल त्याचा हात न् हात मी तपासीन. एक बोरा ओला निघाला तर मले काढून टाका." साऱ्या अमरावतीत त्या हाताची ख्याती होती. मालकानं मान डोलावली.

मग तिच्या फाटकाचे नियम बदलले. एक बोरा भरला की गडी बाहेर यायचा, तहान असो नसो पाणी नाहीतर मीठ घातलेलं ताक प्यायचा, फडक्याला हात कोरडे पुसून तिला दाखवायचा. नवीन गड्याला पहिले दहा-बारा दिवस अर्धंच काम, कारण अंगाला उन्हाची सवय व्हायला वेळ लागतो. बाहेर जोडीदार उभा असल्याशिवाय कोणी बोऱ्यात उतरायचं नाही. कोणी वेडंवाकडं बोलायला लागला तर हसायचं नाही, आधी बाहेर काढायचं. आणि पहाटे तरट कोमट लागलं की फाटकावर खुणेचं लाल चवाळं, एक जाडंभरडं कापड, चढायचं. त्या दिवशी सूर्य चांगला वर आला की काम बंद, उरलेलं तिन्हीसांजेला.

चवाळं पाहिलं की शफी आपल्या गिऱ्हाइकांकडे बातमी न्यायचा. पखाल तर घरोघर जायचीच, तिच्याबरोबर चार शब्द गेले तर ओझं वाढत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या पार्वताबाईच्या दाराशी तो थांबून दोन हाका द्यायचा, ओलं फडकं देऊन यायचा. बाळंतिणीच्या बंद खोलीत बाजेखाली शेगडी पेटवलेली दिसली की आतल्या आजीबाईला सांगायचा की आज शेक नको, शेगडी बाहेर काढा आणि बाळंतिणीला पाणी पाजा. आज्या त्याच्यावर डाफरायच्या. तो ऐकून घ्यायचा आणि शेगडी बाहेर निघेपर्यंत दारातून हलायचा नाही. सगळे वाचले असं म्हटलं तर खोटं होईल. बुरूडगल्लीत एक म्हातारा गेला. शफीनं हाक दिली होती, पण दार उघडलं नाही म्हणून झोपला असेल समजून तो पुढं गेला. त्यानंतर तो दार उघडेपर्यंत थांबायला लागला.

त्याच उन्हाळ्यात भगवंतरावांच्या गाड्या अकोल्याच्या वाटेनं निघायला जुंपून उभ्या होत्या आणि फाटकावर चवाळं चढलं. त्यांनी ते उतरवायला सांगितलं. तिनं वाद घातला नाही. मालकाचा हात धरला, विधवा बाईनं मालकाचा हात धरावा हे त्या काळी केवढं धाडस, आणि पहाटेच्या बोऱ्यावर टेकवला. भगवंतराव रात्री वाळ्याच्या ओल्या तट्ट्याआड निजायचे. त्यांना त्या कोमट तरटाची ओळखच नव्हती. त्यांनी शेजारच्या बोऱ्यालाही हात लावून पाहिला. मग म्हणाले, गाड्या सांजेला निघतील. त्या तीन-चार दिवसांत शेजारच्या आवारांतून दोन माणसं तिरडीवर गेली. यांच्या आवारात एका बाईला भोवळ आली, आणि ती दुसऱ्या दिवशी कामावर होती.

पाच वर्षं गेली. आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली. सूर्यभान मुकादम झाला, लेकरं खाली आणली. मनकर्णाबाईनं साठी ओलांडली तरी फाटक सोडलं नाही. एका वैशाखी पहाटे तिनं बोऱ्याला हात लावला आणि म्हणाली, गार आहे. चवाळं घडीतच राहिलं. सूर्यभाननं जाता जाता सहज हात लावला. तरट कोमट होतं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे जडावलेले, लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

त्यानं चवाळं चढवलं. मग कमरेचा तुंबा सोडून तिच्यापुढं धरला.

"मले तहान नाही," ती म्हणाली.

"तुले आता कळत नाही, मावशे. हात म्हातारा झाला तुहा. तहान लागायची वाट पाहू नको, हे तूच शिकवलं मले. पी."

ती प्यायला लागली आणि मधेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज नव्हती ती. आपल्यावर कोणाचं तरी लक्ष आहे, याचा आनंद होता, आणि ज्याच्याकडून तो मिळाला त्याचे उपकार फेडायला आपल्याजवळ काहीच नाही आणि तो ते मागतही नाही, याचं सुख. सगळा तुंबा संपवून तिनं तो परत केला. सूर्यभाननं घेतला नाही.

"राहू दे तुह्याजवळ," तो म्हणाला. "आणि फाटकावर कोणी काढून घेतला, तर माहं नाव सांग."