टेकाडावर लागलेला फोन

घाटनांदूरच्या बाजारपेठेत वैजिनाथ आप्पांचं किराणा दुकान होतं आणि गावापासून लांब, टेकाडाच्या पोटाला, थोडी जमीन. दुकान तिघं मिळून चालवायची: आप्पा, त्यांची आई शिवगंगाबाई आणि बायको कावेरी. कावेरी पाली गावची. लग्न होऊन आली तेव्हा तिला साखरेचा पुडा बांधता येत नव्हता. आप्पांनीच शिकवला. गिऱ्हाइकांसमोर तिची थट्टा करायचे, पण कागद मात्र तिच्या हाताखाली सारखा धरून ठेवायचे. मूलबाळ झालं नाही. त्यावरून सासू कधी बोलली नाही आणि आप्पांनी कुणाला बोलू दिलं नाही.

गावात मोबाइल येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आप्पांनी नवा फोन घेतला, जुन्यातलं सिम काढून त्यात घातलं आणि जुना कावेरीला देऊन टाकला.

"सिमबिगर काय करू ह्याचं?" ती म्हणाली.

"घड्याळ हाय, बॅटरी हाय. आन येक नंबर लागतोय त्यावरून. एकशेबारा. पोलिसाला. सिम नसली तरी."

"आन तुमाला?"

"मला न्हाई. कुनालाच न्हाई. तुला बी कुनाचा येनार न्हाई. दुकानवाला म्हनला, सिम असून पैसे संपले तर शंभर नंबर बी फुकट लागतो. पर सिमच नसंल तर शंभर फोन घेत न्हाई, एकशेबाराच घेतो. ते बी टावर असंल तर. कोनत्या का कंपनीचा असंना, पर टावर पाह्यजे. आन काही कंपन्या घेत बी न्हाईत म्हनं."

"लई नखरे ह्याचे," असं म्हणून तिनं तो फोन शेताच्या पिशवीत टाकला. अंधार पडला तर बॅटरी होईल, एवढाच हिशेब.

ज्वारी काढून झाली होती. कडब्याच्या पेंढ्या रचायला दोघं मोटारसायकलवरून शेतात गेली. त्या दिवशी गावचा बाजार, त्यामुळे शेजारच्या रानांत चिटपाखरू नव्हतं. आप्पांचा फोन दुकानात चार्जिंगला लावलेला. दुपारी लाइट आली होती आणि ती किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता.

पेंढी उचलताना आप्पा एकदम मागं सरले. पायाकडं बघत उभे राहिले. कावेरीला वाटलं काटा मोडला.

"पान लागलं गं," ते म्हणाले. साप चावला तर आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत.

तरी ते शांत होते. चालत मोटारसायकलपाशी गेले, किक मारली, कावेरी मागं बसली. बांधापर्यंतही गाडी गेली नाही. आप्पांनी ब्रेक दाबला.

"मला दोन रस्ते दिसायलेत कावेरे. तुला घिऊन पडन मी."

कावेरीला गाडी चालवता येत नव्हती. तिनं त्यांना लिंबाखाली टेकवलं आणि पिशवीतून फोन काढला. बोटं आपोआप आप्पांच्याच नंबरावर गेली. फोन दुकानात, सासू दुकानात, उचलला असता. पण पडद्यावर आलं, सिम टाका. तिनं शंभर दाबला. तेच आलं.

"एक-शे-बारा," आप्पा म्हणाले. जीभ जड व्हायला लागली होती.

तिनं तो दाबला. टेकाडाच्या पोटाला टॉवर पोचत नव्हता. फोन नुसता विचार करत राहिला आणि गप्प झाला.

"वर जाऊन बघते," ती म्हणाली.

आप्पांनी तिचा पदर धरला. "जाऊ नको. बस हितंच."

"आले म्हना. लगी आले."

तिनं पदर सोडवून घेतला आणि पळाली.

टेकाडाच्या माथ्यावर फोन लागला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "पोलीस कंट्रोल रूम." कावेरीला रडू फुटलं. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"ताई, गाव कुठलं?"

"घाटनांदूर."

"घाटनांदूर बीड जिल्ह्यात. तुमचा फोन इकडं शेजारच्या जिल्ह्यात लागलाय. हरकत नाही, मी तिकडं कळवतो. नंबर सांगा तुमचा."

"नंबर न्हाई. सिम न्हाई ह्याच्यात."

"मग मला उलट फोन करता येणार नाही. माझ्याकडं तुमचं काहीच दिसत नाही, कुठून बोलताय तेही नाही. शेत कुठं ते नीट सांगा..."

तिनं तोंड उघडलं आणि फोन कटला.

ती पुन्हा दाबत राहिली. खडकावर चढली, बोरीजवळ गेली, हात वर करून फिरली. खाली लिंबाच्या सावलीत आप्पांचं पांढरं धोतर दिसत होतं. एक मन म्हणत होतं खाली जा. पण ती खाली गेली असती तर पोलिसांना शेत कुणी सांगितलं असतं? तिला कुणाचा फोन येणार नव्हता. लावायचा तो तिनंच, आणि तोही इथूनच.

बऱ्याच वेळानं लागला. तोच आवाज.

"ताई, तुम्हीच ना? कळवलंय मी, चौकीची जीप निघतेय. शेत सांगा."

"बाजारपेठंत वैजिनाथ आप्पाचं किराना दुकान. तितं आमच्या सासूबाई हायेत, त्या वाट दावतील."

"झालं, एवढं पुरे. आता त्यांच्याजवळ जा."

ती धावत, घसरत खाली आली. आप्पांच्या पापण्या मिटलेल्या होत्या. श्वास चालू होता. तिनं हाक मारली तर पापणी उचलायचा प्रयत्न केला, ती उचलली नाही. ओठ हलले, शब्द आला नाही. कावेरीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलत राहिली, साखरेच्या पुड्याचं, पालीच्या धरणाचं, काय सुचेल ते. त्यांनी तिचं बोट दाबलं, का तसा तिला भास झाला, हे तिला आजही सांगता येत नाही.

बाजाराच्या गर्दीतून वाट काढत जीप आली. पुढच्या सीटवर शिवगंगाबाई होत्या, पायांत चपला नव्हत्या. आप्पांना जीपमध्ये घालून निघाले, पण अंबाजोगाईच्या अलीकडंच त्यांचा श्वास थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि चादर वर ओढली.

लिंगायतांचे पुरोहित, जंगम, आले. आप्पांना बसवून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन त्याच शेतात समाधी दिली. माती देताना शिवगंगाबाई सुनेला म्हणाल्या, "तू हुतीस त्याच्यापाशी, तेवढं बरं झालं."

कावेरीनं ओंजळभर माती खाली सोडली.

पुढं एकदा चौकीचे हवालदार मोहनराव दुकानात आले. "वैनी, त्या दिशीचा फोन ज्यानं घेतला ना, त्यो आमच्याकडं लई डाव इचारायलाय, त्या बाईच्या मालकाचं काय झालं म्हनून. नंबर न्हाई तर तुमाला फोन तरी कुठं करनार! काय सांगू त्याला?"

कावेरी डाळ तोलत होती. तराजू तसाच हातात राहिला.

"त्यांना म्हनावं, तुमी व्हतं तेवढं केलं."

मोहनराव जायला वळले. तेव्हा ती पुन्हा बोलली, पण त्यांच्याशी नव्हे. "बस म्हनले हुते. म्या बसले न्हाई."

आतून शिवगंगाबाई आल्या. तिच्या हातातला तराजू त्यांनी काढून घेतला, गिऱ्हाइकाला डाळ बांधून दिली आणि सुनेला आत नेऊन दार लोटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कावेरी मोठ्यानं रडली. बाहेर बाजार भरलेला होता. म्हातारी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. गिऱ्हाइकं हाका मारून मारून निघून गेली, पण ती उठली नाही.