करड्या रंगाच्या पायऱ्या

माझा मोठा भाऊ हैदराबादला गेमच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं टेक्श्चरचं, म्हणजे वस्तूंना रंगरूप चढवायचं काम करायचा. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा तो आदिलाबादला परत आला. बाबा शाळेतून निवृत्त झाले होते, आई एकटीच सगळं ओढत होती, म्हणून त्याला घरी यायचंच होतं. रस्त्याकडच्या खोलीत त्याने दोन टेबलं मांडली. एकावर तो बसायचा, दुसऱ्यावर मी. माझं बी.एस्सी. झालं होतं आणि नोकरी मिळत नव्हती. तो म्हणाला, "बस माह्याजवळ, शिकवतो तुले." मी बसले आणि तेच माझं पोटापाण्याचं काम झालं.

लोकांना आमचं काम समजावून सांगताना माझी नेहमी अडचण होते. गेममध्ये एखादी लोखंडी पेटी दिसते. ती आधी कोणीतरी संगणकावर घडवलेली असते. घडवलेली पेटी एकदम नवी कोरी असते, तिला वापरलेलं रूप आम्ही देतो. त्यासाठी त्या वस्तूचे दोन अवतार लागतात, एक बारीक तपशीलवार आणि जड, दुसरा साधा आणि हलका. जड अवतारातले बारकावे हलक्यावर चित्रांच्या रूपात उतरवून घ्यायचे, त्याला बेक करणं म्हणतात. त्यातलं एक चित्र अँबियंट ऑक्लूजनचं, आम्ही त्याला नुसतं एओ म्हणतो. कुठली जागा किती झाकलेली आहे, ते या चित्रात कळतं. उघडा भाग पांढरा, सांधे आणि खाचा काळ्या. दुसरं कर्व्हेचरचं. त्यात सपाट भाग मधल्या करड्या रंगाचा, बाहेर आलेल्या कडा उजळ, आत गेलेले कोपरे गडद. कर्व्हेचरमधल्या उजळ कडा वेगळ्या काढून त्यांचा मास्क, म्हणजे तेवढीच जागा मोकळी ठेवणारा साचा केला की तिथला रंग उडालेला दाखवता येतो, खालचं लोखंड उघडं पडतं. एओ उलटा केला की खाचा पांढऱ्या होतात, मग तिथे मळ बसवता येतो. या दोन्ही मास्कमध्ये थोडा खडबडीतपणा मिसळायचा, म्हणजे झीज सगळीकडे सारखी दिसत नाही.

दादाने मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. नंतरची दोन वर्षं फक्त एवढंच शिकवलं, की किती करायचं. "मशीन सगळ्याच कडा घासून देते," तो म्हणायचा. "थांबायचं कुठं ते आपण ठरवायचं."

मग कापसाच्या जिनिंगचं, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचं काम आलं. एका गेममध्ये जुन्या बंद जिनिंग मिलचा एक भाग होता. गाठी बांधायचा प्रेस, वजनकाटा, तेलाचे डबे, लोखंडी कपाटं असं सगळं करायचं होतं. हैदराबादच्या स्टुडिओने ते मुद्दाम दादाला दिलं, कारण आमच्या जिल्ह्यात कापूसच पिकतो. फोटो काढायला आम्ही भैंसा गावाला गेलो. ओळखीतून एका बंद पडलेल्या मिलची किल्ली मिळाली होती.

बाहेर ऊन पांढरं फटफटीत होतं. शेडमध्ये पत्र्याच्या भोकांतून उजेड येत होता, मला तो पुरेसा वाटला. मी दोन-चार फोटो काढले आणि वळून बघितलं तर दादा दारातच उभा.

"ये ना आत," मी म्हटलं.

"थांब थोडी. डोळे बसू दे."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग एका हाताने भिंत चाचपत चालायला लागला आणि जमिनीवर पडलेल्या लोखंडी वजनांना अडखळून पडला. गुडघा फुटला. वजनं चांगली मोठी होती आणि वाटेतच होती. मी म्हटलं, "काऊन रे, दिसली नाहीत का?" तो म्हणाला, "तुहा फोटो पाहून राह्यलो होतो." मी फोटो दाखवलाच नव्हता. पण रक्त पुसायच्या गडबडीत ते माझ्या मनात राहिलं नाही.

वजनकाट्यापासून सुरुवात केली. बेक त्याने स्वतः केला आणि नेहमीसारखा नेटका केला. काट्याचा वरचा पाटा गेममध्ये खाली-वर होणार होता. पाटा आणि सांगाडा एकत्र बेक केले असते तर पाट्याची सावली सांगाड्यावर कायमची काळी उमटली असती, आणि पाटा उचलला की तो काळा डाग उघडा पडला असता. म्हणून त्याने दोन्ही भाग एकमेकांपासून लांब ठेवून बेक केले. असल्या गोष्टी त्याच्या हातात मुरलेल्या होत्या. मग त्याने मास्क बनवले आणि काम पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. स्टुडिओतली बाई त्याच्याबरोबर आधी काम केलेली, त्याला मान देणारी. ती संकोचत म्हणाली, "भैया, किनारों पर चॉक घिसा हुआ लग रहा है. और डर्ट बहुत हेवी है."

दादाला वाटलं बेक चुकला. त्याने कर्व्हेचर पुन्हा काढलं, बारीक कडा नीट पकडल्या जाव्यात म्हणून चित्राचा आकार वाढवला. एओसाठी संगणक प्रत्येक जागेवरून किरणं सोडून आडोसा शोधतो, ती किती लांब जातात ते अंतर कमी केलं, म्हणजे काळेपणा खाचेपुरताच राहतो. सगळं बरोबर होतं. काम पुन्हा परत आलं. या वेळी बाईने फोन केला नाही, लिहून पाठवलं.

त्या दुपारी मी त्याची फाइल माझ्या स्क्रीनवर उघडली. काट्याच्या प्रत्येक कडेवर जाड पांढरी रेघ होती, कोणीतरी गिरवल्यासारखी. खाचांमधला मळ मळ वाटत नव्हता, चिखल वाटत होता. बेक मात्र दोन्ही स्वच्छ होते. बिघडलेलं सगळं त्यानंतरचं होतं. दादा हे करणार नाही, एवढं मला माहीत होतं.

मी त्याच्या टेबलाशी गेले. त्याच्या स्क्रीनचा उजेड पार वर चढवलेला होता. मी एओचं चित्र मोठं करून त्याच्यासमोर ठेवलं.

"दादा, मळ इथून कुठवर येते? बोट ठेव ना."

त्याने बोट ठेवलं ते थेट खाचेच्या आत, जिथे चित्र जवळजवळ काळं होतं. त्याच्या अलीकडे करड्याच्या कितीतरी पायऱ्या होत्या, हलक्या, मग जराशा गडद, मग आणखी. त्याच्या बोटाच्या हिशेबाने तो सगळा भाग कोरा होता.

"आन् हे?" मी मधल्या पट्ट्याकडे दाखवलं.

"ते पांढरंच आहे ना."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नाही का?"

मग एकेक गोष्ट बाहेर आली. संध्याकाळी गाडी चालवणं त्याने हैदराबादलाच सोडलं होतं. जेवताना पाण्याचा पेला बाजूला ठेवला की त्याला सापडत नसे. मळ त्याला जेव्हा दिसायला लागे, तेव्हा दुसऱ्यांसाठी तो केव्हाच जास्त झालेला असे. कडेवरची झीज तो दिसेपर्यंत रुंद करत जाई. त्याच्या डोळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.

हैदराबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्हाला दिवसभर बसवून ठेवलं. डोळ्यांत थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत ठिपके दाखवले, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेर बसून ऐकत होते. बटणाचा आवाज फार क्वचित येत होता.

डॉक्टर तरुण होता, हिंदीत बोलला, समजावून बोलला. डोळ्याचा पडदा कडेकडून वाळत येतो, असं तो म्हणाला. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग मधलंही. रक्तातून आलेलं असतं. याच्यावर औषध नाही. पुढे कधी काही निघेल, पण आज आशा लावून घेऊ नका, असंही त्याने सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, बहिणीचेही तपासून घेऊ.

माझे डोळे साफ निघाले. दादा बाकावरून उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं झालं." त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. परतीच्या बसमध्ये मी निर्मल गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

मग आम्ही एक युक्ती काढली. माउस जिथे नेऊ तिथल्या करड्या रंगाचा आकडा प्रोग्राम दाखवतो, शून्य म्हणजे काळं आणि एक म्हणजे पांढरं. मी आकडा वाचायचे, तो सांगायचा. "कडेवर किती?" "पॉइंट आठ." "त्याच्याखालचं सगळं काप. आता खडबड मिसळ." काटा आणि प्रेस आम्ही असेच पुरे केले आणि ते मंजूर झाले. आईने शिरा केला. बाबा म्हणाले, "पाह्य, डोकं तर तुहं जाग्यावर आहे."

पण आकड्याने कापता येतं, कुठे कापायचं ते ठरवता येत नाही. एका लोखंडी कपाटाच्या वेळी तो म्हणाला, "मुठीजवळची झीज ठेव, बाकीची मधेमधे तोड." मी केलं. "कसं दिसून राह्यलं?" त्याने विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. उजवीकडे जरा जास्त, वर तुटक, मधे एक पट्टा राहिला आहे. तो ऐकत होता, आणि मी बोलता बोलता थांबले, कारण त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तूच कर," तो म्हणाला. "तुले येते."

रागाने नाही म्हणाला. मी त्याला पुन्हा विचारत राहिले, तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. शेवटी विचारायचं मीच बंद केलं.

जिनिंगचं काम संपल्यावर त्या स्टुडिओचे फोन कमी झाले. आता जुनं लोखंड, जुनं लाकूड अशी तयार मटेरियल मिळतात, दोन्ही बेक दिले की झीज आणि मळ आपोआप बसतात, थोडं इकडेतिकडे केलं की चालून जातं. स्टुडिओतल्या बाईने एकदा दादाची तब्येत विचारायला फोन केला. त्याने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. गावातल्या एका संगणकाच्या शिकवणी वर्गाने त्याला शिकवायला बोलावलं होतं. पोरांच्या स्क्रीनवर काय चाललं आहे ते त्याला दिसेना, पोरं एकमेकांकडे बघायला लागली. महिना भरायच्या आत वर्गाच्या चालकाने त्याला चहा पाजला आणि तुम्ही आराम करा म्हणाला.

मी अजून तेच काम करते, दुसऱ्या एका कंपनीसाठी. बंदुका, डबे, दारं. किती करायचं ते मला कळतं. एखादी वस्तू मनासारखी झाली की माझी मान अजूनही आपोआप त्याच्या टेबलाकडे वळते. तिथे आता बाबांची औषधं आणि इस्त्रीचे कपडे असतात. दादा दिवसा ओसरीवर बसतो. आई त्याला भाजी निवडायला देते. मेथीची पानं तो बोटांनी ओळखून काढतो, सडकं पान मात्र त्याच्या हातून चांगल्यात जातं. आई नंतर गुपचूप पुन्हा निवडते. ती पुन्हा निवडते हे त्याला माहीत आहे.